निळ्या-पांढऱ्या प्लेटच्या नोंदी: पांढरी कॉलनी, पण आत इन्सर्टच नाही

८ सप्टेंबर

विसर्जन झालं, घरचे पाहुणे परत गेले, आजपासून क्लोनिंगला नीट सुरुवात. काम साधंच आहे: मातीतल्या एका बॅक्टेरियाच्या लायपेज जीनचा ८४० बेसचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, पीयूसी१९ या व्हेक्टरमध्ये, म्हणजे तुकडा वाहून नेणाऱ्या गोल प्लास्मिडमध्ये, घालायचा. व्हेक्टरमधल्या लॅकझेड जीनमध्ये इन्सर्ट बसला की बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचा अल्फा नावाचा भाग बनत नाही आणि एक्स-गॅलच्या प्लेटवर कॉलनी पांढरी येते, रिकामा व्हेक्टर असेल तर निळी. तुकडा पीएफयू एन्झाइमने पीसीआर करून काढलाय, त्यामुळे त्याची दोन्ही टोकं बोथट आहेत, आणि म्हणूनच व्हेक्टर स्मा-वन एन्झाइमने कापायचा, तेही बोथट कापतं. या नोंदी मी वहीत लिहीत होतेच, पण आमच्या लॅबमध्ये हेच काम पुढच्या सेमिस्टरला अजून दोघं करणार आहेत म्हणून इथे सविस्तर टाकतेय, चुकांसकट.

आज २ मायक्रोग्रॅम व्हेक्टर, १ मायक्रोलीटर स्मा-वन, ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये एक तास. जेलवर २.७ केबीला एकच सरळ बँड दिसला. कॉलमने साफ करून फ्रीजरमध्ये ठेवला.

११ सप्टेंबर

परवा रात्री १६ अंशावर लायगेशन, म्हणजे व्हेक्टर आणि इन्सर्टची जोडणी, लावलं (व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम, इन्सर्ट ४७ नॅनोग्रॅम, म्हणजे रेणूंच्या हिशोबाने एकास तीन), काल डीएच५अल्फा बॅक्टेरियाच्या पेशींमध्ये टाकलं, आज सकाळी प्लेट उघडली. निळ्या कॉलन्या साडेतीनशेच्या आसपास, पांढऱ्या १२. निळ्या इतक्या कशा काय ते कळेना, कारण जेलवर तर सगळं कापलेलं दिसत होतं.

सीनियर ताईने समजावलं ते लिहून ठेवते, कारण हे मला ठाऊक नव्हतं. शंभरात एक-दोन प्लास्मिड न कापता राहिली तर जेलवर ती दिसतसुद्धा नाहीत, पण न कापलेलं गोल प्लास्मिड पेशीत जितक्या सहज जातं तितकं कापलेलं सरळ डीएनए जात नाही, म्हणून जेलवर न दिसणारं ते थोडंसं प्लेटवर शेकड्याने निळं उगवतं. जेलवरचा एकच बँड बघून निर्धास्त होऊ नका.

१२ सप्टेंबर

१२ पांढऱ्यांपैकी ८ उचलून एम१३ प्रायमरने कॉलनी पीसीआर केला. हे प्रायमर इन्सर्टच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बसतात, त्यामुळे रिकामा व्हेक्टर असेल तर साधारण १०० बेसचा बँड यायला हवा, आपला तुकडा बसला असेल तर ९४० च्या आसपास. मला सहांमध्ये १०० चा बँड आला आणि दोघांमध्ये काहीच नाही. ९४० एकातही नाही.

तेव्हा मी हे फक्त "लायगेशन नीट झालं नाही" असं लिहून सोडून दिलं. खरं तर त्याच दिवशी विचारायला हवं होतं की आत काही नाही तर ती कॉलनी पांढरी कशी झाली. हा प्रश्न मी पुढे दहा दिवसांनी विचारला.

१५ आणि १६ सप्टेंबर

ठरवलं की निळ्या कमी करायच्या. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्मा-वन तिप्पट टाकलं, ३ मायक्रोलीटर, आणि एक तासाऐवजी रात्रभर ठेवलं, पुन्हा ३७ अंशावरच. दुसरं म्हणजे कापल्यावर मधे साफ न करता सरळ सीआयपी टाकून व्हेक्टरच्या टोकाचे फॉस्फेट काढून टाकले, म्हणजे व्हेक्टर स्वतःशीच जुळून बसणार नाही. नंतर कॉलम. एन्झाइमची ट्यूब लॅबची सामायिक, किती जुनी ते झाकणावर पुसट झालेलं, आणि तिच्यात कोणाकोणाच्या टिपा गेल्यात ते देवच जाणे.

१८ सप्टेंबर

प्लेट बघून इतका आनंद झाला की ताईला फोटो पाठवला. निळ्या १४, पांढऱ्या ४६. सगळं हवं तसं उलटलं होतं. घरी जाताना सेव-उसळ घेऊन गेले, आईला सांगितलं की झालं काम.

२० सप्टेंबर

२४ पांढऱ्या उचलल्या, कॉलनी पीसीआर, दीड टक्क्याचं जेल. २२ मध्ये १०० चा बँड, २ मध्ये काही नाही. इन्सर्ट शून्य.

जेलचा फोटो मी पाच मिनिटं नुसता बघत बसले. चोवीस विहिरी, आणि दोन सोडून सगळ्यांच्या तळाला एकाच उंचीवर तो फिकट, रुंद, छोटा बँड. आधी वाटलं प्रायमर-डायमर असेल, म्हणून कॉलनी न टाकता एक पीसीआर लावला, त्यात काहीच आलं नाही, म्हणजे १०० चा बँड खरा रिकाम्या व्हेक्टरचाच आहे. पीसीआर चालतोय का हे बघायला एक निळी कॉलनी पण टाकली, तिचाही बँड तिथेच, पांढऱ्यांच्या बँडशी अगदी एका रेषेत. म्हणजे निळी आणि पांढरी, दोघींच्या प्लास्मिडमध्ये डोळ्याला दिसेल असा फरकच नाही, पण एक निळी होते आणि दुसरी होत नाही.

२२ सप्टेंबर

आज घटस्थापना, लॅब अर्धी रिकामी, सर मात्र होते. त्यांना जेल दाखवलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की इन्सर्ट न टाकलेल्या लायगेशनची प्लेट कुठाय. ती मी केलीच नव्हती, दोन्ही वेळा नाही. दुसरा प्रश्न विचारला की पीसीआरचे प्रायमर फॉस्फेटवाले मागवले होते का. नाही, साधे. मग ते म्हणाले, "अगं, मग जुळणार काय आणि कशाला? व्हेक्टरचे फॉस्फेट तू सीआयपीने काढलेस, आणि साध्या प्रायमरच्या पीसीआर तुकड्याला टोकाला फॉस्फेट मुळातच नसतात. लायगेजला जोडायला फॉस्फेट लागतो."

म्हणजे दुसऱ्या फेरीत माझा इन्सर्ट बसणं शक्यच नव्हतं. चार दिवस मी अशा लायगेशनच्या कॉलन्या तपासत होते ज्यात खरी कॉलनी येण्याची सोयच मी ठेवली नव्हती. हे दोन्ही नियम मला वेगवेगळे पाठ होते, एकत्र कधी मांडले नव्हते.

पण मग त्या ४६ पांढऱ्या आल्या कुठून? यावर सरांनी एकच काम दिलं: चार पांढऱ्यांचं प्लास्मिड काढ, आणि स्मा-वन परत कापतं का ते बघ.

आणि ताईने त्याच वेळी फ्रीजरमधून ट्यूब काढून माझ्यासमोर धरली. लेबलवर बारीक अक्षरात २५ अंश लिहिलंय. स्मा-वनला २५ अंश लागतात, ३७ वर ते फार टिकत नाही, थोड्याच वेळात त्याची ताकद जाते. बाकीची बहुतेक एन्झाइमं ३७ वर चालतात म्हणून मी बघितलंच नाही. पहिल्या फेरीतल्या साडेतीनशे निळ्यांचं कारण हेच. आणि दुसऱ्या फेरीत तेच कारण न शोधता मी तिप्पट एन्झाइम ओतलं.

२४ सप्टेंबर

चार प्लास्मिड काढली. हिंड-थ्रीने चारही कापली, सगळी २.७ केबी, म्हणजे ही पीयूसी१९ च आहेत आणि मोठं काही आत बसलेलं नाही. स्मा-वनने (यावेळी २५ अंशावर, थर्मल सायकलर २५ वर लावून, कारण आमच्या खोलीत सप्टेंबरमध्ये दुपारी तीस-बत्तीसच्या खाली तापमान येत नाही) तीन कापली गेली नाहीत, एक कापली गेली. बॅम-एच-वन आणि केपीएन-वनने चारही कापली.

म्हणजे तीन प्लास्मिडमध्ये नेमकी स्मा-वनची जागा मोडली आहे आणि तिच्या अगदी शेजारच्या दोन जागा शाबूत आहेत. मोडतोड झालीच असेल तर ती दोन-चार अक्षरांची. चौथी मात्र पांढरी असूनही स्मा-वनने कापली जाते, तिचं काय ते कळेना. एक न कापलेली, म्हणजे कॉलनी ७, आणि ही चौथी, म्हणजे कॉलनी १५, अशा दोन सिक्वेन्सिंगला पाठवल्या, दोन्हींचे मिळून हजार रुपयांच्या आत पैसे गेले.

२५ सप्टेंबर

सिक्वेन्स यायच्या आत चार प्लेटा लावल्या, ज्या मी पहिल्याच दिवशी लावायला हव्या होत्या. दुसऱ्या फेरीतलाच, रात्रभर कापलेला आणि सीआयपी केलेला व्हेक्टर वापरला, तेवढाच ५० नॅनोग्रॅम, त्याच पेशी, तेवढंच पसरवलं. पहिली प्लेट न कापलेल्या प्लास्मिडची, म्हणजे पेशी आणि एक्स-गॅल नीट आहेत का ते कळेल. दुसरी कापलेला व्हेक्टर, लायगेज नाही. तिसरी कापलेला व्हेक्टर, लायगेज आहे, इन्सर्ट नाही. चौथी इन्सर्टसकट. प्रत्येक प्लेटवर ४० मायक्रोलीटर एक्स-गॅल (२० मिलिग्रॅम प्रति मिलीलीटर) आणि ४० मायक्रोलीटर १०० मिलिमोलर आयपीटीजी पसरवून पूर्ण सुकू दिलं, ओल्या प्लेटवर रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो हे मागे अनुभवलंय. संध्याकाळी सहाला इन्क्युबेटरमध्ये.

२६ सप्टेंबर

प्लेटा सकाळी दहाला काढायच्या होत्या. रात्री गरब्याहून दोनला आले आणि दिवसभर दुसऱ्या कामात अडकले, रात्री आठला पोचले, तोवर २६ तास झाले होते. त्यामुळे एक वेगळीच गोष्ट बघायला मिळाली म्हणून लिहिते.

पहिल्या प्लेटवर, जी सगळी निळी असायला हवी, मोठ्या निळ्या कॉलन्यांच्या कडेने सुईच्या टोकाएवढ्या बारीक पांढऱ्या कॉलन्या उगवल्या होत्या, निळ्या चंद्राभोवती चांदण्यांचं कडं असावं तशा. या सॅटेलाइट कॉलन्या. मोठी कॉलनी जे बीटा-लॅक्टमेज बाहेर सोडते त्याने तिच्या आजूबाजूचं ॲम्पिसिलिन संपतं, आणि तिथे प्लास्मिड नसलेल्या पेशीही उगवतात. प्लास्मिड नाही म्हणजे अल्फा तुकडा नाही, आणि डीएच५अल्फाकडे स्वतःचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज अर्धवटच असतं, म्हणून त्या पांढऱ्याच दिसतात. यातल्या दहा उचलून ताज्या ॲम्पिसिलिन प्लेटवर ठिपके दिले. १२ आणि २० तारखेला ज्यांच्यात पीसीआरचा बँडच आला नव्हता त्या चार कॉलन्या बहुतेक याच जातीच्या असाव्यात, कारण त्याही प्लेटा मी अठरा तासांच्या पुढे नेल्या होत्या.

२७ सप्टेंबर

दहाही सॅटेलाइट ताज्या प्लेटवर उगवल्या नाहीत. हे तपासायला एक प्लेट आणि एक रात्र लागते, पीसीआरच्या आधी करावं, स्वस्त पडतं.

आता चार प्लेटांची मोजणी, फक्त नीट आकाराच्या कॉलन्या धरून. पहिली: सगळ्या निळ्या, मोजता येणार नाहीत इतक्या. दुसरी, लायगेजशिवाय: निळ्या २, पांढऱ्या ३. तिसरी, लायगेज आहे पण इन्सर्ट नाही: निळ्या ९, पांढऱ्या ४१. चौथी, इन्सर्टसकट: निळ्या ११, पांढऱ्या ४४.

तिसऱ्या प्लेटवर इन्सर्ट टाकलेलाच नाही आणि तरी ४१ पांढऱ्या. त्यातल्या २० ताज्या ॲम्पिसिलिनवर ठिपके देऊन बघितल्या, वीसच्या वीस उगवल्या, म्हणजे या सॅटेलाइट नाहीत, यांच्यात प्लास्मिड आहे. मग चौथीतल्या ४४ पैकी इन्सर्टमुळे आलेल्या किती? तिसरी प्लेट शेजारी ठेवली की उत्तर तिथेच आहे, जवळजवळ एकही नाही. ही एक प्लेट १० तारखेला लावली असती तर ११ लाच कळलं असतं, आणि मी चोवीस कॉलन्यांचा पीसीआर केला नसता.

३० सप्टेंबर

सिक्वेन्स आले. लॅकझेडच्या दिशेने वाचलं तर पीयूसी१९ मध्ये त्या जागी काय असतं आणि माझ्या दोघींत काय आलं ते खाली देते. तीन-तीन अक्षरं पाडून लिहिलीत, पेशी जशी वाचते तशी.

```
मूळ
GAT CCC CGG GTA CCG AGC TCG AAT TCA CTG GCC GTC GTT TTA CAA CGT CGT GAC TGG

कॉलनी ७ (दोन अक्षरं गेली)
GAT CCC GGT ACC GAG CTC GAA TTC ACT GGC CGT CGT TTT ACA ACG TCG TGA

कॉलनी १५ (एक अक्षर गेलं)
GAT CCC GGG TAC CGA GCT CGA ATT CAC TGG CCG TCG TTT TAC AAC GTC GTG ACT GGG
```

कॉलनी ७ मध्ये कापलेल्या जागेच्या एका बाजूचा एक सी आणि दुसऱ्या बाजूचा एक जी गेलाय. दोनच अक्षरं, पण तिथून पुढे सगळी वाचणी सरकते आणि ओळीच्या शेवटी बघा, टीजीए येतो, म्हणजे प्रथिन तिथेच थांबतं. अल्फा तुकडा तयारच होत नाही, कॉलनी पांढरी. स्मा-वनला सीसीसीजीजीजी लागतं, ते आता सीसीसीजीजीटी झालंय, म्हणून ती कापली गेली नाही.

कॉलनी १५ ने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तिच्यात फक्त एक सी गेलाय. मूळ पीयूसी१९ मध्ये त्या जागी ओळीने चार सी आहेत आणि स्मा-वनला तीनच लागतात, त्यामुळे एक गेला तरी तीन उरतात आणि स्मा-वनची जागा जशीच्या तशी परत तयार होते. बॅम-एच-वनची पण शाबूत. म्हणजे कोणत्याही कापाकापीत हे प्लास्मिड नव्या कोऱ्या पीयूसी१९ सारखंच वागणार, लांबीतही एका अक्षराचा फरक जेलवर दिसणार नाही, आणि तरी कॉलनी पांढरी, कारण वाचणी एका अक्षराने सरकली. मी आधी विचार केला होता की "स्मा-वनने कापली गेली म्हणजे व्हेक्टरची टोकं चांगली होती", तो इथे लागू नाही. ही फक्त सिक्वेन्सनेच पकडता येते.

याची दुसरी बाजू पण आहे. नेमकी तीन अक्षरं गेली तर वाचणी सरकत नाही, एक अमिनो आम्ल कमी होतं आणि कॉलनी निळीच राहू शकते. म्हणजे प्लेटवरचा रंग एवढंच सांगतो की अल्फा तुकडा चालतोय की नाही. तो इन्सर्टने बंद पडलाय की कुरतडल्याने, हे रंगाला माहीत नाही.

सरांनी हे कसं झालं असावं ते असं मांडलं. जुन्या सामायिक ट्यूबमध्ये एक्झोन्यूक्लिएजचा अंश असणार, तो टोकापासून अक्षरं कुरतडतो. एक तासात फारसं बिघडत नाही, पण मी तिप्पट टाकून रात्रभर ठेवलं, म्हणजे स्मा-वन थोड्या वेळात मेलं आणि कुरतडणारं मात्र रात्रभर काम करत राहिलं. त्यावर सीआयपीने आणखी घोळ केला. शाबूत टोकांचे फॉस्फेट सीआयपीने काढून घेतले म्हणून ती जुळली नाहीत, निळ्या कमी झाल्या. पण टोक कुरतडलं गेलं की मागच्या अक्षराचा नवा फॉस्फेट उघडा पडतो, आणि असं आत गेलेलं टोक असेल तर सीआयपीचा हात तिथवर नीट पोचत नाही, म्हणून बिघडलेलीच टोकं जुळायला मोकळी राहिली. म्हणजे निळ्या घटल्या आणि पांढऱ्या वाढल्या हे मी यश समजले, पण मी शाबूत व्हेक्टर बाद करून मोडका व्हेक्टर वेचत होते. हा त्यांचा अंदाज आहे, प्रत्येक पायरी आम्ही वेगळी तपासलेली नाही, पण तिसऱ्या प्लेटचे आकडे त्याला धरूनच आहेत.

३ ऑक्टोबर

काल दसरा. आज नवी स्मा-वन ट्यूब उघडली आणि लगेच पाच-पाच मायक्रोलीटरच्या छोट्या ट्यूबा करून ठेवल्या, प्रत्येकाची आपली. लायगेज बफरच्या पण तशाच छोट्या ट्यूबा केल्या, कारण त्यातलं एटीपी वारंवार गोठवून-वितळवून खराब होतं.

व्हेक्टर २ मायक्रोग्रॅम, स्मा-वन १ मायक्रोलीटर, २५ अंश, एक तास, मग ६५ अंशावर २० मिनिटं ठेवून एन्झाइम मारलं, मग कॉलम. फॉस्फेट काढायला यावेळी सीआयपी नाही, कोळंबीचं फॉस्फेटेज, ते ६५ अंशाला पूर्ण मरतं त्यामुळे मागे काही उरत नाही. अर्धा तास, नंतर मारलं, परत कॉलम. आणि इन्सर्टला पीएनके एन्झाइम आणि एटीपी देऊन ३७ अंशावर अर्धा तास, म्हणजे त्याच्या टोकांना फॉस्फेट लागले. यावेळी फॉस्फेट इन्सर्टकडे आहेत आणि व्हेक्टरकडे नाहीत, म्हणजे व्हेक्टर स्वतःशी जुळणार नाही पण इन्सर्टशी जुळेल. मागच्या वेळी दोघांकडेही नव्हते.

५० नॅनोग्रॅमला ४७, एकास तीन, १६ अंश रात्रभर. चारही प्लेटा.

५ ऑक्टोबर

प्लेटा काल संध्याकाळी पाचला ठेवल्या, आज सकाळी नऊला म्हणजे सोळा तासांनी काढल्या आणि दोन तास ४ अंशावर ठेवून मग मोजल्या. थंडीत निळा रंग गडद होतो, नाहीतर फिकट निळी पांढऱ्यात मोजली जाते, माझ्या पहिल्या प्लेटवर अशा दोन होत्या.

तिसरी प्लेट, इन्सर्टशिवाय: निळ्या ७, पांढऱ्या २. चौथी, इन्सर्टसकट: निळ्या १२, पांढऱ्या ३८.

चौथी प्लेट १८ सप्टेंबरच्या प्लेटसारखीच दिसते, फोटो शेजारी ठेवले तर कोणी फरक सांगू शकणार नाही. तिसरीत मात्र ४१ ऐवजी २. त्या हिशोबाने ३८ पैकी साधारण दोनच रिकाम्या असायला हव्यात.

७ ऑक्टोबर

१२ पांढऱ्या उचलल्या, आधी ताज्या ॲम्पिसिलिनवर ठिपके, बाराही उगवल्या. मग कॉलनी पीसीआर. ११ मध्ये ९४० च्या जागी बँड, एकीत १०० चा. जेल बघताना ताई मागे उभी होती, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रिकामी आहे तिचं पण प्लास्मिड काढ."

काढलं. स्मा-वनने कापली गेली नाही. म्हणजे नवीन एन्झाइम, एक तास, सगळं नीट करूनही कुठेतरी एखादं टोक कुरतडलं जातंच, फक्त ते आता बारात एक आहे.

९ ऑक्टोबर

११ पैकी सहांचं प्लास्मिड काढून इको-आर-वन आणि हिंड-थ्रीने कापलं. माझ्या तुकड्यात या दोन्हींची जागा नाही हे आधी बघून घेतलं होतं. सहाही जणींत २.६ केबी आणि ९०० च्या जरा खाली असे दोन बँड. बोथट टोकं असल्यामुळे तुकडा दोन्हीपैकी कुठल्याही दिशेने बसू शकतो, म्हणून तुकड्याच्या आतला एक प्रायमर आणि एम१३ चा एक असा पीसीआर केला, सहांपैकी चौघी हव्या त्या दिशेने, दोघी उलट्या.

१५ ऑक्टोबर

हव्या दिशेच्या दोघींचा सिक्वेन्स आला. जोड मी अक्षर-अक्षर बघितला. एका बाजूला चारही सी जागच्या जागी, मग लगेच माझ्या प्रायमरचं पहिलं अक्षर, आणि दुसऱ्या टोकाला तुकडा संपला की तिन्ही जी. दुसऱ्या क्लोनमध्ये तीनच सी आहेत, एक गेलाय, पण इन्सर्ट पूर्ण आहे आणि पुढच्या कामाला, म्हणजे इको-आर-वन आणि हिंड-थ्रीने काढून दुसऱ्या व्हेक्टरमध्ये घालायला, त्याने काही अडत नाही. तरी पहिलाच पुढे नेतेय.

त्याचे ग्लिसरॉल स्टॉक तीन केले, उणे ८० मध्ये, डब्यावर तारीख आणि "चार सी" असं लिहिलं. कॉलनी ७ आणि १५ पण टाकून दिल्या नाहीत, त्यांचेही एकेक स्टॉक शेजारीच ठेवलेत. पुढच्या सेमिस्टरला ज्यांना हे करायचंय त्यांनी मागितले तर देईन, रिकाम्या पांढऱ्या कॉलनीचा कंट्रोल म्हणून कॉलनी पीसीआरमध्ये एका विहिरीत लावायला चांगले आहेत.